एररचा स्क्रीनशॉट येतो, मग प्रश्न का येत नाही?

जून उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घराघरांत फॉर्म भरायचा हंगाम सुरू होतो. पीयूसीचा प्रवेश, डिप्लोमाचा प्रवेश, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, सगळंच आता ऑनलाइन असतं आणि बहुतेक वेळा मोबाइलवरच भरलं जातं. याच दिवसांत शिकलेल्या किंवा शहरात नोकरी करणाऱ्या नातेवाइकांच्या फोनवर फोटो येऊ लागतात. पांढरा पडदा, त्यावर इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये एक लाल ओळ, आणि खाली काहीच लिहिलेलं नाही. पाठवणारा भाचा असतो, पुतणी असते, शेजारचे काका असतात. पाहणारा बुचकळ्यात पडतो आणि उलट एक प्रश्नचिन्ह पाठवतो. पाठवणाऱ्याला त्या प्रश्नचिन्हाचं नवल वाटतं, कारण त्याच्या मते त्यानं सगळं सांगितलेलं असतं.

याला आळस म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्यांच्याकडून हे होतं त्यांतले बरेचजण कामाला वाघ असतात, अभ्यासात हुशार असतात. चूक इतक्या वेगवेगळ्या माणसांकडून एकाच पद्धतीनं होते, तेव्हा कारण स्वभावापेक्षा खोल असतं. ते कारण नीट कळलं तर विचारणाऱ्याचा आणि सांगणाऱ्याचा दोघांचाही वेळ वाचतो. कधीकधी त्याहून मोठं नुकसानही टळतं. ते कसं, हे पुढच्या उदाहरणात दिसेल.

## लाल ओळ काय सांगते आणि काय सांगत नाही

दोन शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. पडद्यावर जे दिसतंय त्याचा फोननं जसाच्या तसा काढलेला फोटो म्हणजे स्क्रीनशॉट. आणि आपण दिलेली माहिती यंत्राला पुढे नेता आली नाही की ते जी सूचना दाखवतं, तो एरर मेसेज. आपण त्याला नुसतं ‘एरर’ म्हणतो.

एरर लिहिणारा प्रोग्रामर आपल्याला ओळखत नाही. यंत्राची कुठली पायरी अडली एवढंच त्याला आधीपासून माहीत असतं, म्हणून तेवढंच तो लिहून ठेवतो. आपण त्या पायरीपर्यंत कशासाठी आलो, घाई किती आहे, अडल्यावर आपल्याला पुढे काय करायचंय, यातलं काहीही त्या ओळीत असू शकत नाही. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाताना ‘रस्ता बंद’ची पाटी दिसली आणि कुणी तिचा फोटो काढून पाठवला, तर रस्ता बंद आहे एवढंच कळतं. तो माणूस पणजीला दवाखान्यात निघालाय की साखळीच्या लग्नाला, त्याला दुसरा रस्ता हवाय की मुक्कामाची सोय, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

आता एक प्रसंग तपशिलात पाहू. माणूस कल्पनेतला आहे, पण अडचण सीमाभागात अगदी ओळखीची आहे.

खानापूर तालुक्यातला ज्ञानेश्वर नावाचा मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज भरतोय. आधार क्रमांक टाकला, ओटीपी टाकला आणि पडद्यावर ओळ आली: `Name mismatch with Aadhaar`. त्यानं स्क्रीनशॉट काढला आणि पुण्यातल्या मामाला पाठवला. सोबत शब्द एकही नाही.

मामाला इंग्रजी येतं. नाव आधारशी जुळत नाही, हे त्याला लगेच समजलं. पण त्यानं आता उत्तर कशाचं द्यायचं? भाच्याच्या मनात कमीत कमी चार वेगवेगळे प्रश्न असू शकतात. ‘या इंग्रजी ओळीचा अर्थ काय?’ असा एक. ‘अर्ज गेला की नाही गेला?’ असा दुसरा. ‘नावाचं स्पेलिंग वेगळं लिहून पाहू का?’ हा तिसरा. आणि ‘आधारमधलं नाव बदलू की मार्क्स कार्डातलं?’ हा चौथा. पहिल्याचं उत्तर एका वाक्यात संपतं. चौथ्याचं उत्तर चुकलं तर त्याचा त्रास अनेक वर्षं पुरतो.

## नाव जुळत नाही म्हणजे नेमकं काय?

इथे थोडं थांबायला हवं, कारण सीमाभागातल्या मराठी मुलांना ही अडचण जास्त येते आणि ती नुसत्या स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही.

मराठीत आपण ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, म्हणून मराठी घरात इंग्रजी स्पेलिंग `Dnyaneshwar` होतं. कन्नडमध्ये त्याच अक्षराचं इंग्रजी `Jn` असं करायची पद्धत आहे. त्यामुळे शाळेच्या दप्तरात कन्नडमध्ये नोंदलेलं नाव इंग्रजीत गेलं की `Jnaneshwar` होऊ शकतं. त्यात नाव लिहिण्याची रीतही वेगळी. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमानं लिहितो. कर्नाटकातल्या कागदांवर वडिलांच्या नावाचं किंवा गावाचं फक्त आद्याक्षर लावायची पद्धतही रूढ आहे. म्हणजे मुलगा एक, घर एक, पण एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव यंत्राच्या दृष्टीनं दोन वेगळ्या माणसांची.

माणसाला दोन्ही नावं पाहिली की हसू येतं, ‘अहो, एकच की ते!’ यंत्र अक्षरं जुळवतं. एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक काही पोर्टल चालवून घेतात, काही घेत नाहीत, आणि आपण कुठल्या पोर्टलवर आहोत हे कापलेल्या स्क्रीनशॉटमध्ये बहुधा दिसतच नाही. मामाला दिसते फक्त लाल ओळ. भाच्याच्या शेजारी पलंगावर पडलेलं मार्क्स कार्ड त्याला दिसत नाही. कोडं सोडवणारा कागद फोटोच्या बाहेरच राहतो.

समजा मामानं चौथा प्रश्न गृहीत धरला आणि अंदाजानं कळवलं, ‘आधारमधलं नाव बदलून घे.’ आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, असा आधार प्राधिकरणाचा नियम आहे. मुलगा केंद्रावर गेला, नाव `Jnaneshwar` करून आला, आणि नंतर कळलं की बँकेचं पासबुक आणि पॅन दोन्ही `Dnyaneshwar` आहेत. आता तिकडे खोळंबा. दोन संधींपैकी एक तर गेलीच. प्रश्न न लिहिल्याची एवढी मोठी किंमत दरवेळी मोजावी लागत नाही, पण लागू शकते.

## पाठवणाऱ्याला प्रश्न दिसत असतो

पहिलं आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं कारण हे आहे. ज्याला प्रश्न पडलाय त्याला तो फोटोत दिसतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 1990 साली एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेनं एक साधा प्रयोग केला. काहीजणांना तिनं सर्वांच्या ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला, आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं, किती गाणी ओळखली जातील? त्यांचा अंदाज होता निम्मी. प्रत्यक्षात 120 पैकी फक्त 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, वाद्यं सगळं चालू असतं. ऐकणाऱ्याला मिळते नुसती टकटक. आणि स्वतःच्या डोक्यातली चाल बंद करून ती टकटक ऐकणं वाजवणाऱ्याला जमत नाही.

ज्ञानेश्वरचंही तेच झालं. तो अर्ध्या तासापासून त्या अर्जाशी झुंजतोय. शिष्यवृत्ती, शनिवारची शेवटची तारीख, मार्क्स कार्डातलं `J`, हे सगळं त्याच्या डोक्यात इतकं गच्च भरलंय की लाल ओळीकडे पाहिलं की त्याला सगळी कहाणी दिसते. तो विसरला असं म्हणणंही पुरतं खरं नाही. आपण सांगितलंच आहे, असं त्याला मनापासून वाटतं.

म्हणूनच ‘जरा नीट लिहायला शिका’ असं सुनावून काही बदलत नाही. राहिलेली गोष्ट दिसली तर माणूस भरून काढेल, पण इथे काही राहिलंय हेच दिसत नाही.

## ‘पाठवलं’ म्हणजे ‘झालं’

दुसरं कारण फोनवरच्या पायऱ्यांत दडलेलं आहे. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं की स्क्रीनशॉट निघतो. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं छोटं चित्र येतं, तिथेच ‘शेअर’ असतं. ते दाबायचं, व्हॉट्सॲप निवडायचं, मामाचं नाव निवडायचं आणि हिरव्या बाणावर बोट ठेवायचं. मजकूर लिहायची जागा शेवटच्या पायरीवर चित्राच्या तळाशी एक बारीकशी पट्टी म्हणून येते, आणि ती रिकामी ठेवली तरी फोन अडवत नाही. प्रत्येक पायरीवर बोटाला पुढचं बटण समोर मिळतं. लिहिण्यासाठी मात्र आपण स्वतःहून थांबावं लागतं.

मुख्य काम उरकल्यावर मागे राहणारी छोटी पायरी माणसं हमखास विसरतात, हे मायकेल बर्न आणि सुसान बोव्हेर या अभ्यासकांनी 1997 साली दाखवलं. मूळ कागद झेरॉक्सच्या काचेखाली राहून जातो, त्यामागे हेच आहे: हातात प्रत आली, काम झालं, मन पुढे निघून गेलं. एटीएम आधी पैसे आणि मग कार्ड देत असेल तर कार्ड यंत्रातच राहतं. म्हणून अनेक ठिकाणी यंत्रांचा क्रम उलटा केला गेला: आधी कार्ड घ्या, मगच पैसे.

बर्न आणि बोव्हेर यांना आणखी एक गोष्ट आढळली. डोक्यात त्याच वेळी इतर काही धरून ठेवावं लागत असेल तर ही चूक वाढते. फॉर्म भरणाऱ्याची अवस्था आठवून पाहा. आधारचा ओटीपी दहाच मिनिटं चालतो, सहा आकडे तोंडात घोळताहेत, रेंज मधूनच जातेय, आई विचारतेय, ‘झालं की नाही रे अजून?’ अशा वेळी मामाला फोटो गेला की मनाला ‘सांगितलं एकदाचं’ अशी सुटका वाटते, आणि त्या सुटकेत प्रश्न लिहायचा राहून जातो.

यावर उपाय एटीएमवाल्यांचाच: क्रम उलटा करायचा. आधी मामाचं चॅट उघडून दोन ओळी लिहून पाठवायच्या, आणि त्यानंतर स्क्रीनशॉट जोडायचा. लक्षात ठेवायचा निश्चय करण्यापेक्षा हा बदल जास्त टिकतो, कारण फोटो पाठवायची ओढ शेवटपर्यंत जागी राहते आणि वाटेतलं लिहिणं तिच्यामुळे पार पडतं.

## विचारण्यासाठीही थोडं माहीत असावं लागतं

तिसरं कारण जरा नाजूक आहे. काहींना प्रश्न लिहायचा राहत नाही, तो मनातच तयार झालेला नसतो.

नाओमी मियाके आणि डोनाल्ड नॉर्मन यांनी 1979 साली संगणकावर मजकूर लिहायला शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. नवख्यांना सोपी पुस्तिका दिली तेव्हा त्यांनी भरपूर प्रश्न विचारले. अवघड पुस्तिका दिली तेव्हा ते गप्प झाले. ज्यांना आधी थोडी माहिती दिली होती, त्यांचं उलट झालं: अवघड पुस्तिकेवर त्यांनीच जास्त प्रश्न विचारले. वर्गात सगळं समजलेला मुलगा आणि काहीच न समजलेला मुलगा दोघेही हात वर करत नाहीत, हे कुठल्याही मास्तरांना ठाऊक असतं.

सीमाभागात यात भाषेची भर पडते. घरात मराठी, शाळेत मराठी किंवा कन्नड, पोर्टलवर कन्नड आणि इंग्रजी. कन्नड माध्यमात शिकलेल्या कितीतरी मराठी मुलांना बोलायला मराठीच लागते, पण देवनागरीत दोन ओळी टाइप करायच्या म्हटल्या की हात अडखळतो. इंग्रजीत लिहावं तर चुकायची भीती. मामा मराठी शाळेतले, त्यांना कन्नडमध्ये लिहून उपयोग नाही. मग बिनशब्दांचा फोटो हाच सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो, त्यात शुद्धलेखनाची चूक होऊच शकत नाही. ही लाज खोटी नाही आणि तिची टिंगल करू नये, असं मला फार वाटतं.

अशा वेळी प्रश्न सापडत नसेल तर प्रश्न शोधत बसू नये. हकीकत सांगावी. काय करायला गेलो होतो, कुठपर्यंत नीट झालं, कुठे अडलं. एवढं सांगता सांगता पुष्कळदा प्रश्न आपोआप बाहेर येतो. लिहायचं नसेल तर व्हॉइस मेसेजमध्ये बोलावं, आपल्या बेळगावी बोलीत बोलावं:

‘मामा, मी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायलोय. आधारचा ओटीपी घातला की असं लाल दाखवायलंय बघा. आधारवर नाव `D`नं हाय, मार्क्स कार्डावर `J`नं. पासबुक पण `D`नंच हाय. शनिवार लास्ट डेट. आता कुठलं बदलायचं ओ?’

यात मामाला हवं ते सगळं आलं. आता तो घाईनं आधार बदलायला सांगणार नाही. भाच्याचे तीन कागद समोर आहेत, त्यांतले दोन एका बाजूला आहेत. तो म्हणेल, आधी कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्या सरांना भेट, शनिवारपर्यंत काय सोय आहे ते विचार. पॅन काढलंय का, रेशनकार्डावर काय आहे, तेही बघून सांग. बहुतेक कागदांवर `D` असेल तर मार्क्स कार्ड दुरुस्त करायचा अर्ज शाळेमार्फत कसा जातो ते मुख्याध्यापकांना विचार. त्याला वेळ लागतो, पण आधारमधल्या नावाच्या दोन्ही संधी शाबूत राहतात.

## मग स्क्रीनशॉट पाठवूच नये का?

जरूर पाठवावा. शब्द हवेत म्हणून चित्र नको, असं मुळीच नाही. एररमधले शब्द आठवून सांगताना बदलतात. ‘काहीतरी इनव्हॅलिड म्हणतंय’ असं कळवलं तर ओटीपी चुकला की आधार क्रमांक, हे समजायला मार्ग नसतो. काही पोर्टल शब्दांसोबत आकडाही दाखवतात. आधारच्या पडताळणीत नाव, जन्मतारीख यांसारखी माहिती जुळली नाही तर 100, बोटांचे ठसे जुळले नाहीत तर 300, ओटीपी चुकला तर 400 असे ठरलेले आकडे आहेत. फोटोत ते अचूक येतात.

फक्त फोटो नुसत्या लाल ओळीपुरता कापू नये. वरची पोर्टलच्या पत्त्याची पट्टी आणि अर्जाची कुठली पायरी आहे ते दाखवणारा भाग त्यात असू द्यावा. झाकायचं ते वेगळं: आधारचे पहिले आठ आकडे, ओटीपी, खाते क्रमांक. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार असेल तर हे विशेष सांभाळावं, कारण ग्रुपवरचा फोटो पुढे कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

## ‘जाणकाराला बघितल्यावर कळायला हवं की’

हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे आणि त्यात तथ्य आहे. रोज तेच अर्ज भरणाऱ्या ग्राम वन किंवा बेळगाव वन या सरकारी सेवा केंद्रांच्या खिडकीवरच्या माणसाला लाल ओळ पाहूनच पुष्कळ कळतं. तिथे अर्ज ठरलेले असतात, अडचणी ठरलेल्या असतात आणि आपण स्वतः कागद घेऊन समोर उभे असतो. एका मार्क्स कार्डाकडे नजर टाकली की त्याचं काम होतं.

पुण्यातल्या मामासमोर ना ते पोर्टल असतं, ना कागद. तो दुसऱ्या राज्यात राहतो, कर्नाटकातला अर्ज त्यानं कदाचित कधी पाहिलेलाही नसतो. तो चांगला संगणक इंजिनिअर असला तरी भाच्याच्या पासबुकावर कुठलं स्पेलिंग आहे हे त्याला त्याच्या शिक्षणातून कळणार नाही.

## ‘फोटो टाकतो, मग फोनवर बोलूच की’

आपल्याकडे फोटो म्हणजे बऱ्याचदा बोलण्याची नांदी असते. आधी फोटो, मग फोन. मामा लगेच फोन उचलणार असेल तर यात काहीच चूक नाही, दोन मिनिटांच्या बोलण्यात सगळं निभावतं. अडतं ते मामा मीटिंगमध्ये असला की. तो दुपारी फोटो पाहतो, ‘काय झालं?’ विचारतो, तोवर ज्ञानेश्वर रेंज नसलेल्या शेतात गेलेला असतो. रात्री दोघे बोलतात तेव्हा कॉलेजचं ऑफिस बंद झालेलं असतं. दुपारीच दोन ओळी असत्या तर मामानं त्याच वेळी उत्तर लिहून ठेवलं असतं आणि मुलगा ऑफिस उघडं असताना सरांना भेटून आला असता.

## फोटो ज्याला येतो, त्यानं काय करावं?

नुसतं प्रश्नचिन्ह पाठवू नये. ज्याला आपण सगळं सांगितलंय असं वाटतंय त्याला प्रश्नचिन्हातून काय राहिलं ते कळत नाही, आणि पुष्कळदा तो दुसरा स्क्रीनशॉट काढून पाठवतो. ‘प्रॉब्लेम काय आहे?’ विचारलं तरी तेच, कारण त्याच्या मते प्रॉब्लेम फोटोत लिहिलेलाच आहे.

त्याऐवजी विचारावं, ‘तुला आज कुठलं काम पुरं करायचं होतं?’ याचं उत्तर त्याला कायम ठाऊक असतं, आणि ते लाल ओळीच्या बाहेरचं असतं. ते आलं की दुसरं विचारावं, ‘हे येण्याआधी कुठलं बटण दाबलंस आणि त्या रकान्यात काय लिहिलं होतंस?’ ज्ञानेश्वर सांगेल, ‘मार्क्स कार्डात बघून नाव घातलं.’ तिथेच मामाच्या लक्षात येईल, की मार्क्स कार्ड आणि आधार दोन्हींचे फोटो मागवून घ्यावेत आणि नावातलं एकेक अक्षर शेजारी ठेवून पाहावं.